सोसायटीचे नवे अध्यक्ष झालात? आभाराचं भाषण असं तयार करा

सोसायटीच्या निवडणुकीनंतर नव्या अध्यक्षांनी आभाराचे चार शब्द बोलायचे असतात. चारच. तरी ही भाषणं सारखी फसतात आणि फसण्याच्या तऱ्हाही ठरलेल्या आहेत. एकाने स्वतःला मतं देणाऱ्यांचेच आभार मानले. दुसऱ्याने मावळत्या समितीचे आभार मानता मानता गच्चीच्या गळतीचा हिशेब काढला. तिसऱ्याने माईक हातात आल्याच्या भरात थकबाकीवरचं व्याज माफ करून टाकलं आणि पुढे सहा महिने तेच निस्तरत बसला.

खालचे टप्पे महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना धरून लिहिले आहेत. उदाहरणादाखल एक कल्पित सोसायटी घेतली आहे: दोन विंग, ६४ सभासद, समितीच्या ११ जागा आणि १६ उमेदवार. नव्या अध्यक्ष पहिल्यांदाच समितीवर आल्या आहेत. जुन्या समितीतले चौघं पुन्हा निवडून आलेत. जुन्या समितीने बी विंगची लिफ्ट बदलली, मानीव अभिहस्तांतरण करून घेतलं, म्हणजे बिल्डरने न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घेतली, १२ लाखांची थकबाकी ४ लाखांवर आणली. गच्चीचं वॉटरप्रूफिंगही केलं, पण ते पहिल्याच पावसाळ्यात गळलं. शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, भाषणाची खरी परीक्षा तिथेच आहे.

## टप्पा १: तुम्हाला नक्की कोणी निवडलं?

सर्वांत जास्त होणारी चूक पहिल्याच वाक्यात होते: "आपण सर्वांनी मला अध्यक्ष म्हणून निवडून दिलंत." तसं झालेलं नसतं. सभासद मतदान करतात ते समितीच्या सदस्यांसाठी. नव्या समितीची पहिली सभा निवडणूक अधिकारी बोलावतात आणि त्या सभेत समितीचे सदस्य आपल्यातूनच अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडतात. म्हणजे तुमच्यावर दोन वेगवेगळी ऋणं आहेत. सभासदांनी तुम्हाला समितीवर पाठवलं आणि समितीतल्या सहकाऱ्यांनी अध्यक्ष केलं.

हा कायद्याचा कीस वाटेल, पण सभेत बसलेल्या माणसांना तो बरोबर टोचतो. समितीवर सर्वाधिक मतं घेऊन दुसरंच कोणी आलेलं असतं आणि अध्यक्ष तुम्ही झालेले असता. "सर्वांनी मला अध्यक्ष केलंत" म्हटलं की ते सदस्य आणि त्यांचे शेजारी एकमेकांकडे बघतात. "आपण अकरा जणांची समिती निवडलीत, आणि समितीने ही जबाबदारी माझ्याकडे दिली" एवढं एक वाक्य पुरतं.

निवडणूक बिनविरोध झाली असेल तर मतदानाचे आभार मानूच नका. जागांपेक्षा जास्त अर्ज नव्हते, मतदान झालंच नाही, आणि तुम्ही "आपल्या बहुमोल मताबद्दल" म्हणालात तर मागच्या रांगेतून हसू येणारच. तिथे "कोणीही हरकत न घेता ही समिती स्वीकारलीत" असं म्हणा.

तपासा: भाषणाच्या कागदावर "मला निवडून दिलंत" हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे खूण करा. प्रत्येक ठिकाणी "समितीवर" की "अध्यक्षपदी" हे स्पष्ट आहे का?

## टप्पा २: कधी आणि कोणासमोर बोलायचं

निकाल जाहीर होतो त्या संध्याकाळी बोलू नका. त्या वेळी अध्यक्ष ठरलेलाच नसतो. शिवाय हरलेले उमेदवार अजून खुर्चीवरून उठलेलेही नसतात. पदाधिकाऱ्यांची निवड झाल्यावर, शक्य तर त्याच आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी, सभासदांना खाली आवारात किंवा हॉलमध्ये अर्ध्या तासासाठी बोलवा.

ही सर्वसाधारण सभा नव्हे, हे निरोपातच लिहा. "आभार आणि परिचय, कोणताही विषय निर्णयासाठी नाही." हे वाक्य नसेल तर तिथे पार्किंगचा वाद निघतो, मग कोणी हात वर करायला सांगतं, आणि सूचनापत्र व विषयपत्रिका नसलेल्या जमावात "ठराव" झाल्याचं दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फिरतं.

मावळत्या समितीला ग्रुपवरच्या निरोपावर सोडू नका. मावळत्या अध्यक्षांच्या घरी स्वतः जा आणि विचारा, "काका, रविवारी सहाला चालेल ना? तुम्ही आल्याशिवाय सुरुवात करणार नाही." ते येणार नसतील तर तेही आधीच कळतं. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून आभार मानायची वेळ येत नाही.

## टप्पा ३: एक संध्याकाळ दफ्तराबरोबर

आभार पोकळ वाटतात, कारण बोलणाऱ्याला जुन्या समितीने काय केलं हेच ठाऊक नसतं. मग "अथक परिश्रम", "निःस्वार्थ सेवा", "मोलाचं योगदान" अशी भरताड येते. हे शब्द कोणत्याही समितीला लागू पडतात, म्हणून ऐकणाऱ्या समितीला ते आपले वाटत नाहीत.

सचिवांकडून तीन गोष्टी मागा: गेल्या पाच वर्षांची समितीसभांची इतिवृत्तं, वार्षिक सर्वसाधारण सभांचे अहवाल आणि दरवर्षीची थकबाकीची यादी. कार्यभार अजून हातात आला नसेल तर त्यांच्याकडे बसूनच वाचा. वाचताना दोन प्रकारची कामं वेगळी लिहून काढा.

पहिला प्रकार सर्वांना दिसलेल्या कामांचा. आपल्या उदाहरणात लिफ्ट. दुसरा प्रकार कोणालाच न दिसलेल्या कामांचा, आणि भाषणात रंग भरतो तो हा. मानीव अभिहस्तांतरणाची फाईल बघा. किती सुनावण्या झाल्या, मूळ करारनाम्यांच्या प्रती गोळा करायला सचिव किती घरांच्या पायऱ्या चढले, कोणत्या इतिवृत्तात "कागद अपुरे, पुन्हा अर्ज" असं आलं आहे. लिफ्ट सभासदांनी रोज वापरली, पण या हेलपाट्यांचा त्यांना पत्ताही नसतो. त्यातली एक गोष्ट तारखेसकट सांगितली की मावळत्या सचिवांच्या घरचे लोकसुद्धा मान वर करून ऐकतात.

थकबाकीचे आकडे घ्या, पण नावं मुळीच नकोत. "बारा लाखांची थकबाकी चार लाखांवर आली" हे खजिनदारांचं काम झालं. उरलेले चार लाख कोणाचे याचा नुसता सूरही भाषणात उमटता कामा नये.

आता नावांची यादी करा. माझी स्वतःची फजिती सांगतो. मी अध्यक्ष झालो तेव्हा जुन्या समितीतल्या सगळ्यांची नावं तोंडपाठ घेतली आणि खजिनदार वहिनींचं नाव राहिलं. पाच वर्षं दर महिन्याला बिलं काढणारी बाई पहिल्याच रांगेत बसली होती. चूक लक्षात आली ती टाळ्या संपल्यावर. मी दुसऱ्या दिवशी घरी गेलो, चहा झाला, त्या म्हणाल्या, "अहो, चालायचंच." पण पुढे वर्षभर जुन्या वह्यांमधली एखादी नोंद विचारायला गेलो की मला उंबऱ्यावरच उत्तर मिळे. तेव्हापासून नावं कागदावर, आणि यादी इतिवृत्तातल्या हजेरीवरून. मध्येच राजीनामा दिलेले आणि त्यांच्या जागी घेतलेले सदस्यही त्या हजेरीत सापडतात. आठवणीवर विसंबलात तर नेमके तेच सुटतात.

तपासा: यादी मावळत्या सचिवांना एकदा वाचून दाखवा. "कोणी राहिलं का?" एवढंच विचारा. बाकीचं भाषण दाखवायची गरज नाही.

## टप्पा ४: आभारांचा क्रम

क्रम असा ठेवा आणि तो मोडू नका:

१. निवडणूक अधिकारी आणि मतमोजणीला मदत करणारे
२. मतदानाला आलेले सर्व सभासद
३. निवडून न आलेले उमेदवार
४. मावळती समिती
५. नव्या समितीतले सहकारी, एका वाक्यात
६. पुढच्या कामाबद्दल दोन वाक्यं, आणि थांबा

निवडणूक पार पाडणाऱ्यांना आधी घेण्यामागे हिशेब आहे. त्यांचे आभार कोणत्याच बाजूचे नसतात, त्यामुळे सभा पहिल्या अर्ध्या मिनिटात एकत्र येते. मावळत्या समितीला मुद्दाम उशिरा घेतलंय. भाषणाचा सर्वांत मोठा भाग त्यांचा आहे, आणि त्यांच्यानंतर लगेच "आता आम्ही हे करणार, ते करणार" अशी लांबण लागली तर आभार हे नुसतं प्रास्ताविक होतं.

मतदारांबद्दल बोलताना दोन पथ्यं. मतदान गुप्त असतं, म्हणून "ज्यांनी माझ्यावर विश्वास दाखवला त्यांचे" असं म्हणू नका. ते म्हणताच सभा दोन भागांत विभागते, आणि कोण कोणत्या भागात हे प्रत्येक जण शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर शोधू लागतो. आभार मतदानाला आल्याबद्दल माना. दुसरं पथ्य, स्वतःला मिळालेल्या मतांचा आकडा उच्चारू नका. एकूण किती जणांनी मतदान केलं तो आकडा चालतो. "आमच्या बी विंगने साथ दिली" हे तर मनातही नको.

हरलेल्या उमेदवारांबाबत लोक एक तर त्यांना विसरतात, नाहीतर "खेळात हार-जीत असतेच" असं म्हणून जखमेवर मीठ चोळतात. त्यांनी प्रचारात मांडलेला एखादा मुद्दा उचला आणि तो समितीच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊ असं सांगा. ते तुमच्या हातातलं काम आहे. त्यांना "सल्लागार" किंवा "उपसमितीत" घेण्याची घोषणा मात्र त्यांना न विचारता करू नका. भर सभेत नकार ऐकावा लागू शकतो.

भाडेकरूही सभेला आलेले असतील. त्यांना मत नसतं, पण "सभासद बंधू-भगिनींनो" एवढंच म्हटलंत तर ते सुटतात. "सभासद आणि सर्व रहिवासी" म्हणा.

## टप्पा ५: मावळत्या समितीचे आभार

इथे दोन टोकं टाळायची आहेत: टोमणा आणि प्रमाणपत्र.

टोमणा बहुतेक वेळा "पण" आणि "आता" या दोन शब्दांतून येतो. "जुन्या समितीने कामं केली, पण..." इथून पुढे तुम्ही काहीही बोललात तरी आभार पुसले जातात. "आता कारभार पारदर्शक होईल" हे वाक्य लोक भविष्याबद्दल म्हणून लिहितात, पण ऐकणाऱ्याला ते भूतकाळाबद्दलच ऐकू येतं. आता होईल, म्हणजे आधी नव्हता. "नव्या दमाने", "शिस्त आणू", "बंद पडलेली कामं" हीदेखील त्याच जातीची.

प्रमाणपत्राची चूक सभ्य माणसं करतात. भावनेच्या भरात ते म्हणतात, "जुन्या समितीचा कारभार अत्यंत स्वच्छ होता, हिशेब चोख होते." तुम्ही हिशेब तपासलेत का? शेवटच्या वर्षाचं लेखापरीक्षण बहुधा व्हायचं आहे, कार्यभाराची यादी हातात यायची आहे. उद्या लेखापरीक्षकांनी शेरा मारला, तर तुमचंच वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. शिवाय आता अशी भाषणं मोबाईलवर चित्रित होतात.

या दोन्हींमधून वाट काढायची तर झालेल्या कृतीचे आभार माना. माणसाच्या एकूण चारित्र्याचा निकाल द्यायचा नाही. "लिफ्ट बदलली तेव्हा अकरा दिवस ती बंद होती आणि त्या अकरा दिवसांत दोन सदस्य वरच्या मजल्यांवर औषधं पोचवत होते." हे खरं आहे, इतिवृत्तात आहे, आणि कोणत्याही लेखापरीक्षणाने खोटं ठरत नाही.

मग गच्चीचं काय?

गळतीचा विषय टाळलात तर वरच्या मजल्यावरचे सभासद म्हणतील, याला आमचं पडलेलं नाही. काढलात तर मावळती समिती म्हणेल, बोलावून अपमान केला. मार्ग असा: आभाराच्या भागात गच्चीचं नावही नको. शेवटच्या दोन वाक्यांत, पुढचं काम म्हणून ती येऊ द्या, आणि दोष कोणाचा हे न सांगता. "गच्चीची गळती अजून थांबलेली नाही. कंत्राटदाराच्या हमीची कागदपत्रं घेऊन आम्ही पुढच्या आठवड्यात पाहणी करणार आहोत." वाक्याचा कर्ता गच्ची आहे, नंतर कंत्राटदार आणि नवी समिती. जुनी समिती त्या वाक्यात नाहीच.

पण त्याआधी हमीचं पत्र खरंच आहे का, हे टप्पा ३ च्या संध्याकाळी बघून घ्या. नसेल तर "हमी" हा शब्द काढा आणि फक्त पाहणीबद्दल बोला. आधी न बघता सभेत "हमीचं पत्र कुठे आहे?" असा प्रश्न उभा राहिला, तर मावळते सचिव सगळ्यांसमोर तोंडघशी पडतात आणि आभाराची संध्याकाळ चौकशीची होते.

जुन्या समितीतले चार जण नव्या समितीतही आहेत, त्यांची एक अडचण असते. "मावळत्या समितीतल्या सर्व अकरा जणांचे आभार" असं म्हणा आणि नावं सलग घ्या. निवृत्त होणारे आणि पुन्हा आलेले असे गट पाडू नका. तुम्ही स्वतः जुन्या समितीत असाल तर स्वतःला वजा करा. "आम्ही लिफ्ट बदलली" असं म्हणून स्वतःचेच आभार मानू नका. त्या कामात दुसऱ्याने काय केलं ते सांगा.

जुन्या समितीशी तुमचं उघड भांडण झालं असेल, तक्रारी उपनिबंधकांपर्यंत गेल्या असतील, तर गोड बोलायला जाऊ नका. कोणी विश्वास ठेवणार नाही. दोन खरी कामं निवडा, त्यांचे आभार माना, पुढे सरका. चाळीस सेकंदांचे खरे आभार पुरतात.

सावधान: शाल-श्रीफळ द्यायचं असेल तर खर्च नव्या समितीने आपसात वर्गणी काढून करावा. सोसायटीच्या खात्यातून तो केलात तर पहिल्याच महिन्याच्या हिशेबात तुमच्या नावावर प्रश्न लागतो.

## टप्पा ६: काय बोलायचं नाही

आभाराच्या भाषणात आश्वासनं घुसतात, कारण टाळ्या तिथेच पडतात. अडचण अशी की त्यातली बरीचशी आश्वासनं अध्यक्षांच्या हातात नसतातच. देखभाल खर्चाचे दर, पार्किंगचे नियम आणि थकबाकीवरच्या व्याजाचा दर सर्वसाधारण सभा ठरवते. व्याज उपविधींतल्या मर्यादेत असावं लागतं, पण ते कमी करणं वा माफ करणं एकट्या अध्यक्षाचं काम नाही. मोठ्या दुरुस्तीचा खर्च ठराविक रकमेपुढे गेला की सभेची मंजुरी लागते. पुनर्विकासाला तर विशेष सभेपासून पुढे ठरलेली पद्धत आहे.

एक साधी कसोटी सांगतो. प्रत्येक आश्वासनापुढे "हे मी उद्या सकाळी, कोणालाही न विचारता करू शकतो का?" असं लिहा. "समितीची सभा दर महिन्याला होईल आणि तिचं इतिवृत्त मागणाऱ्या सभासदाला बघायला मिळेल" याचं उत्तर जवळजवळ होकारार्थी आहे. "मेंटेनन्स वाढणार नाही" याचं नाही. नाही असलेली सगळी वाक्यं खोडा. खोडाखोड झाल्यावर दोन-तीन वाक्यं उरली तर भाषण ठीक आहे.

## टप्पा ७: पूर्ण नमुना

सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणून तीन ते चार मिनिटांसाठी सव्वातीनशेच्या आसपास शब्द पुरे. आपल्या उदाहरणातल्या अध्यक्षांचं भाषण असं होईल. नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

> नमस्कार. सर्व सभासद आणि रहिवासी, बसून घ्या. मी चार मिनिटांत संपवते.
>
> सर्वप्रथम निवडणूक अधिकारी आणि मतमोजणीला बसलेले दोन्ही विंगचे सभासद, तुमचे आभार. सकाळपासून मोजणी संपेपर्यंत तुम्ही जागा सोडली नाहीत.
>
> आपल्या ६४ सभासदांपैकी ५३ जणांनी मतदान केलं. ए विंगमधल्या ––आजी वॉकर घेऊन खाली उतरल्या, मी तेव्हा रांगेत त्यांच्या मागे होते. कोणी कोणाला मत दिलं हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. आलात, त्याबद्दल सर्वांचे आभार. ज्यांना येता आलं नाही, त्यांचीही ही समिती तितकीच आहे.
>
> जे पाच उमेदवार निवडून आले नाहीत, त्यांच्यामुळे आपल्याला निवडीची संधी मिळाली. पाण्याच्या टाक्यांच्या सफाईचा मुद्दा त्यांच्यापैकी ––दादांनी मांडला होता. तो आमच्या पहिल्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.
>
> आता मावळती समिती. गेल्या आठवड्यात मी त्यांची इतिवृत्तं वाचली. मानीव अभिहस्तांतरणाच्या फाईलमध्ये एक पान आहे. त्यावर लिहिलंय, "करारनाम्याच्या नऊ प्रती अपुऱ्या." पुढच्या पानावर त्या नऊच्या नऊ प्रती जोडलेल्या आहेत. त्या दोन पानांच्या मध्ये दोन महिने आहेत, आणि ते दोन महिने ––काका संध्याकाळी घरोघर फिरत होते. त्यातल्या एका घरात मी राहते, मी त्यांना तीनदा परत पाठवलं होतं. काका, त्या तीन फेऱ्यांबद्दल आज आभार मानते.
>
> बी विंगची लिफ्ट अकरा दिवस बंद होती. तेव्हा ––ताई आणि ––दादा वरच्या मजल्यांवर औषधं पोचवत होते. ––वहिनींनी थकबाकी बारा लाखांवरून चार लाखांवर आणली, आणि या काळात त्यांनी कोणाचंही नाव फलकावर लावलं नाही. समितीतल्या सर्वांची नावं घेते: ––, ––, ––. आपल्या सर्वांच्या वतीने तुमचे मनापासून आभार.
>
> आपण अकरा जणांची समिती निवडलीत, समितीतल्या सहकाऱ्यांनी अध्यक्षपद माझ्याकडे दिलं. त्यांचीही मी आभारी आहे.
>
> पुढच्या दोनच गोष्टी सांगते. गच्चीची गळती अजून थांबलेली नाही. हमीची कागदपत्रं आणि कंत्राटदार यांच्यासह येत्या शनिवारी पाहणी आहे, वरच्या मजल्यावरच्या सभासदांनी जरूर यावं. आणि समितीची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होईल. धन्यवाद.

या नमुन्यातलं सर्वांत कामाचं वाक्य "मी त्यांना तीनदा परत पाठवलं होतं" हे आहे. तिथे बोलणारी व्यक्ती स्वतःला थोडं खाली घेते आणि समोरच्याचं काम आपोआप वर येतं. तुमच्या सोसायटीत असा प्रसंग नसेल तर रचू नका. इतिवृत्तातली एखादी कोरडी नोंदसुद्धा पुरते. आजींचा उल्लेख करण्याआधी त्यांना विचारून घ्या. काहींना तो आवडतो, काहींना वॉकरचा उल्लेख लागतो.

## टप्पा ८: बोलताना आणि बोलून झाल्यावर

आदल्या रात्री मोठ्याने वाचून घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर पुढच्या कामांचा भाग कापा, आभारांचा नको. कागद हातात ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. नावं वाचूनच घ्यायची आहेत. सोसायटीत मराठी न कळणारी घरं असतील तर मावळत्या समितीचा परिच्छेद तेवढा दोन वाक्यांत हिंदीतही सांगा. सबंध भाषण दोनदा ऐकवू नका.

मावळत्या समितीचं नाव घेताना त्यांच्याकडे बघा. माईक हाती आला की माणूस समोरच्या मधल्या रांगेकडे बोलत राहतो, आणि आभार ज्यांचे मानायचे ते कडेला बसलेले असतात.

मध्येच कोणी "आणि पार्किंगचं काय?" म्हणून ओरडलं तर उत्तर देऊ नका. "लिहून द्या, समितीच्या सभेत घेते" म्हणा आणि थांबलात त्याच वाक्यापासून पुढे वाचा. उत्तर दिलंत की पुढची वीस मिनिटं तुमची राहत नाहीत.

त्याच रात्री ग्रुपवर भाषणाचा मजकूर टाका, जसाच्या तसा. सुधारून टाकलात तर कोणीतरी चित्रफितीशी ताडून बघतं. नव्या समितीच्या पुढच्या सभेत आभाराचा ठराव घ्यायचा असेल तर त्याची भाषा आटोपशीर ठेवा: "मावळत्या समितीने दिलेल्या वेळेबद्दल व सेवेबद्दल समिती आभार व्यक्त करते." कारभाराबद्दल मत देणारं एकही विशेषण ठरावात घालू नका. भाषणातलं विशेषण लोक विसरतील, पण इतिवृत्तातलं दफ्तरात राहतं.

आणि कार्यभार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या कलम १६० प्रमाणे मावळत्या अध्यक्षांनी दफ्तर आणि मालमत्ता नव्या अध्यक्षांकडे सोपवायची असते. भाषणात याचा उच्चार करू नका, आभार आणि कलम एका दमात बोललं तर ती नोटीस वाटते. सभा संपल्यावर, खुर्च्या उचलताना, काकांना बाजूला घेऊन विचारा, "मंगळवारी संध्याकाळी कपाटाची यादी करायला बसू या?" जाताना कोरी यादी दोन प्रतींत घेऊन जा. यादी पूर्ण झाली की दोन्ही प्रतींवर दोघांच्या सह्या, एक प्रत त्यांच्याकडे, एक दफ्तरात.